बॅटरी कोणाची आणि प्लग कोणाचा?

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ कंपनीचा कारखाना आहे. या कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये 'आपे ई-सिटी' ही विजेवर चालणारी तीनचाकी बाजारात आणली. तिची बॅटरी घरी चार्ज करायची नव्हती. स्टेशनवर जाऊन रिकामी बॅटरी द्यायची आणि भरलेली घ्यायची, अशी ती योजना होती आणि त्यासाठी 'सन मोबिलिटी' या कंपनीशी करार केला होता. पण अवघ्या सव्वा वर्षात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच गाडीची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात बॅटरी कायमची बसवलेली होती. ती साध्या प्लगवर चार्ज होते. हा बदल सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे, कारण स्टेशनवर अवलंबून असलेली गाडी जेथे स्टेशन आहे तेथेच विकता येते. बाकीच्या गावांना प्लगच लागतो. दुचाकीच्या बाबतीतही हाच प्रश्न आज बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कामगार, विद्यार्थी आणि पार्सल पोहोचवणाऱ्या तरुणांसमोर उभा आहे. ही गाडी बहुधा कर्ज काढूनच घेतली जाते. म्हणून कोणती पद्धत कोणाला परवडते याचा हिशेब शोरूमच्या पायरीवर नव्हे, तर घरी बसून केला पाहिजे.

प्रथम दोन पद्धतींतील मूळ फरक पाहू. घरी चार्ज होणारी गाडी आपण बॅटरीसह विकत घेतो. बॅटरी आपली, वीज आपल्या मीटरची आणि बॅटरी खराब झाली तर नुकसानही आपले. बॅटरी बदलून घेण्याच्या पद्धतीत, म्हणजे ज्याला स्वॅपिंग म्हणतात त्यात, गाडी आपली असते पण बॅटरी कंपनीची. आपण भाडे भरतो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीशिवाय गाडीची विक्री आणि नोंदणी करण्यास परवानगी दिली आणि तेव्हापासून या धंद्याला कायदेशीर वाट मोकळी झाली. बॅटरी हा या गाडीचा सर्वांत महाग भाग असल्यामुळे ती वगळली की शोरूममधील किंमत एकदम खाली येते. जाहिरातीत हीच खालची किंमत मोठ्या अक्षरांत छापली जाते. उरलेली किंमत माफ झालेली नसते, ती दरमहा भाड्याच्या रूपाने वसूल होते.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. समजा, इंदापूर तालुक्यातील एक कामगार बारामतीच्या एमआयडीसीत कामाला येतो. जाणे-येणे मिळून रोजचे चाळीस किलोमीटर आणि महिन्याला सव्वीस दिवस काम, म्हणजे १०४० किलोमीटर. बॅटरीतील एका युनिटमध्ये स्कूटर साधारण तेहतीस किलोमीटर जाते असे धरू. बॅटरीतून ३१ युनिट खर्च होतील. चार्जरमध्ये काही वीज उष्णतेत वाया जाते, त्यामुळे मीटरवर सुमारे ३६ युनिट पडतील.

या ३६ युनिटांचे किती पैसे होतात, हे घराच्या आधीच्या वापरावर ठरते. हीच गोष्ट विक्रेता सांगत नाही. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी वहन आकारासह ५ रुपये ८८ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांसाठी ११ रुपये ४६ पैसे असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले तर पहिला टप्पा पावणेसात रुपयांच्या थोडा पुढे आणि दुसरा सव्वातेरा रुपयांच्या आसपास जातो. दर वेळोवेळी बदलतात, पण टप्प्यांची ही पद्धत कायम आहे. ज्या घराचा वापर ७० युनिट आहे, तेथे गाडीचे ३० युनिट स्वस्त टप्प्यात बसतात, सहाच युनिट महाग टप्प्यात जातात आणि महिन्याला सुमारे २८५ रुपये वाढतात. ज्या घराचा वापर आधीच शंभराच्या पुढे आहे, तेथे सर्वच्या सर्व ३६ युनिट महाग टप्प्यात पडतात आणि बिल सुमारे ४८० रुपयांनी वाढते. म्हणजे एकच गाडी आणि एकच रस्ता, तरी दोन घरांचा खर्च वेगळा. जो भाड्याच्या खोलीत राहतो आणि ज्याच्याकडून घरमालक सब-मीटरवर युनिटला सरसकट बारा रुपये घेतो, त्याला ४३२ रुपये पडतील.

विजेचा खर्च म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. बॅटरीचीही झीज होते आणि ती हिशेबात धरली नाही तर आपण स्वतःलाच फसवतो. समजा, तीन युनिट क्षमतेच्या बॅटरीचे ५५ हजार रुपये पडले आणि ते आपण वर्षाला २४ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी कर्जाऊ घेतले. हा दर मुद्दाम चढा धरला आहे, कारण गरिबाला स्वस्त कर्ज क्वचितच मिळते. महिन्याचा हप्ता सुमारे २१६० रुपये होतो आणि एकूण फेड ७७ हजार ७०० रुपयांच्या जवळ जाते. बॅटरी ५० हजार किलोमीटर चालली असे धरले तर आपल्या कामगाराला ती चार वर्षे पुरेल. ७७ हजार ७०० रुपये अठ्ठेचाळीस महिन्यांत वाटले की महिन्याला सुमारे १६२० रुपये. त्यात वीज मिळवली की ७० युनिटवाल्या घराचा खर्च १९०५ रुपये आणि महाग टप्प्यातील घराचा २१०० रुपये होतो.

दुसऱ्या बाजूला भाड्याची बॅटरी पाहू. होंडा कंपनीने 'ॲक्टिव्हा ई' ही स्कूटर केवळ बॅटरी बदलून घेण्याच्या पद्धतीवर आणली. तिची बॅटरी घरी चार्ज करण्याची सोयच ठेवलेली नव्हती आणि सुरुवातीला ती बंगळुरू, दिल्ली व मुंबई या तीन शहरांपुरतीच होती. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार महिन्याला ३५ युनिटांसाठी १९९९ रुपये आणि ८७ युनिटांसाठी ३५९९ रुपये भाडे होते, वर जीएसटी वेगळा. पुढे कमी वापरासाठी स्वस्त योजनाही आली, पण दैनंदिन कामाच्या वापराला साजेशी योजना ३५ युनिटांचीच. १८ टक्के कर धरला तर १९९९ चे सुमारे २३६० रुपये होतात. म्हणजे चढे व्याज धरूनही घरच्या चार्जिंगपेक्षा महिन्याला २६० ते ४५५ रुपये जास्त. याच कामगाराकडे लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी असती तर त्याला तेवीस लिटर पेट्रोल लागले असते आणि शंभराच्या पुढच्या दराने त्याचेही साधारण २४०० रुपयेच झाले असते. पेट्रोलपासून सुटका म्हणून घेतलेली गाडी पेट्रोलइतकीच महाग पडत असेल, तर त्या सुटकेला अर्थ काय?

याचा अर्थ बॅटरी बदलून घेणे नेहमीच तोट्याचे आहे असा मात्र नाही. ज्याची गाडी दिवसभर धावते त्याचा हिशेब उलटतो. जेवणाची पार्सले पोहोचवणारा एखादा तरुण रोज ११० किलोमीटर फिरतो असे धरा. महिन्याला जवळपास २९०० किलोमीटर, म्हणजे बॅटरीतील ८७ युनिट. भाड्याच्या पद्धतीत त्याला करासह सुमारे ४२५० रुपये लागतील. स्वतःची बॅटरी असेल तर ५० हजार किलोमीटर सतरा महिन्यांत संपतील. व्याज न धरताही बॅटरीचे महिन्याला ३२३५ रुपये आणि विजेचे महाग टप्प्यात सुमारे १३५५ रुपये, असे मिळून ४५९० रुपये होतात. शिवाय तीन युनिटांची बॅटरी एका चार्जमध्ये ११० किलोमीटर देत नाही. भर दुपारी, ऑर्डरच्या वेळेत, त्याला तीन-चार तास प्लगजवळ बसावे लागेल. स्टेशनवर हेच काम दोन-चार मिनिटांत होते. ज्याची मजुरी फेऱ्यांवर ठरते त्याच्यासाठी हे तास म्हणजे रोख पैसा आहे. म्हणून या धंद्याचे खरे गिऱ्हाईक शहरातील पार्सलवाला आहे, तालुक्यातील कामगार नव्हे.

येथे सोयीचा प्रश्न येतो आणि तो किमतीपेक्षाही कठीण आहे. स्वॅपिंगचे यश म्हणून तैवानचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे 'गोगोरो' कंपनीची दोन हजारांहून अधिक स्टेशने आहेत. पण तैवान म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सव्वादोन पट एवढाच प्रदेश आणि त्यात सुमारे सव्वादोन कोटी दाट वस्ती. एका स्टेशनमध्ये कंपनीला अनेक बॅटऱ्या अडकवून ठेवाव्या लागतात आणि दिवसभर गिऱ्हाईक येत राहिले तरच ते भांडवल सुटते. बारामती शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५४ हजार होती आणि इंदापूरची त्याच्या निम्म्याच्या आसपास. या दोन गावांत पन्नासेक किलोमीटरचे अंतर आहे. स्टेशन केवळ बारामतीत झाले तर इंदापूरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. दोन्ही टोकांना आणि मध्येही स्टेशन हवे आणि प्रत्येक ठिकाणी भरलेली बॅटरी शिल्लक हवी. पेट्रोल संपले तर बाटलीतून आणता येते. होंडाची एक बॅटरी मात्र दहा किलोची आहे आणि तशा दोन लागतात. भरलेली बॅटरी मिळाली नाही तर गाडी ढकलण्यावाचून इलाज नाही.

सरकारी धोरणानेही हीच दरी गृहीत धरली आहे. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी स्वॅपिंग धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या टप्प्यात चाळीस लाखांहून अधिक लोकवस्तीची महानगरे आणि दुसऱ्या टप्प्यात राज्यांच्या राजधान्या व पाच लाखांवरील शहरे, असा क्रम होता. बारामती आणि इंदापूर दोन्ही टप्प्यांच्या बाहेर. सर्व कंपन्यांच्या बॅटऱ्या एकमेकांच्या गाडीत बसाव्यात, अशीही कल्पना त्या मसुद्यात होती, पण तसे एक माप सक्तीचे झाले नाही. त्यामुळे आज एका कंपनीचे स्टेशन दुसऱ्या कंपनीच्या गाडीला निरुपयोगी ठरते. उद्या ती कंपनी गावातून निघून गेली तर कर्ज मात्र मागे राहते.

मग घरचा प्लग सर्वांना सोयीचा आहे का? तसेही नाही. "घरी चार्ज करा" असे म्हणताना आपल्या दारात गाडी उभी करायला जागा, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग आहे, असे गृहीत धरलेले असते. दोन खोल्यांत एक मीटर, पत्र्याची भिंत आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी, अशी स्थिती असलेल्या वस्तीतील माणसाचा यात विचारच नाही. अशा माणसाने काढता येणारी बॅटरी असलेली गाडी निवडावी. हीरोच्या 'विडा व्ही-१' या ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या स्कूटरसारख्या काही गाड्यांत बॅटरी काढून खोलीत नेऊन चार्ज करता येते. बॅटरी आपली, प्लग साधा आणि स्टेशनची गरज नाही. फक्त ती जिन्यावरून रोज उचलावी लागते. ज्याचा स्वतःचा मीटर आहे त्याला आणखी एक हक्क आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते आणि नवी जोडणी ग्रामीण भागात पंधरा दिवसांत देणे बंधनकारक आहे. घरचे बिल महाग टप्प्यात जात असेल तर वेगळ्या जोडणीचा स्थिर आकार आणि तिचा युनिट दर विचारून तुलना करावी.

आता बॅटरीच्या आयुष्याविषयी. स्टेशनवाली बॅटरी लवकर मरते की घरची, असा प्रश्न विचारला जातो. खरे तर बॅटरीला जागेशी देणेघेणे नसते. उष्णता, चार्ज करण्याचा वेग आणि ती पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेत किती काळ पडून राहते, यावर तिचे आयुष्य ठरते. लिथियम बॅटरीतील सेल पंचेचाळीस अंशांच्या वर तापलेले असताना चार्ज केले तर ते कायमचे दुबळे होतात. मे महिन्यात वीस किलोमीटर चालवून आलेली गाडी पत्र्याखाली उभी करून लगेच प्लगला लावणे, ही सर्वांत मोठी चूक आहे. तासभर सावलीत थंड होऊ द्यावी आणि रात्री चार्ज करावी. रोजच्या वापराला ऐंशी-नव्वद टक्के पुरत असेल तर तेवढेच भरावे. ऊसतोडीला किंवा गावी महिनोन्महिने जायचे असेल तर बॅटरी निम्मी ठेवून जावे आणि मध्ये कोणाला तरी बघायला सांगावे. रिकामी ठेवलेली बॅटरी दोन-तीन महिन्यांत इतकी खाली जाऊ शकते की मग ती चार्जच घेत नाही. हे पाळले तर रात्रीचे संथ घरगुती चार्जिंग बॅटरीला मानवते. स्टेशनवर तापमानाची काळजी अधिक घेतली जाऊ शकते, पण ती बॅटरी अनेक हातांतून फिरते आणि आपल्या वाट्याला नवी येईल की तीन वर्षांची, हे आपल्या हाती नसते.

म्हणूनच भाड्याच्या योजनेत पैसे कशावर मोजतात हे पाहणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक अदलाबदलीला ठराविक रक्कम असेल तर जुनी बॅटरी तुम्हाला लुबाडते. तीन युनिटांची बॅटरी झिजून २.४ युनिटांवर आली की तेवढ्याच पैशांत पाचव्या हिश्श्याने कमी किलोमीटर मिळतात. शिवाय बॅटरीत वीस-तीस टक्के शिल्लक असताना बदलली तर तीही फुकट जाते. युनिटावर मोजणी असेल तर हा तोटा होत नाही. स्वतःच्या बॅटरीची झीज ओळखायची असेल तर दर तीन महिन्यांनी एकाच रस्त्यावर, एकाच ओझ्यासह, पूर्ण भरलेली गाडी वीस टक्क्यांपर्यंत चालवून किलोमीटर वहीत लिहावेत. पहिल्या नोंदीपेक्षा चौथा हिस्सा कमी झाला, किंवा आकडा तीस टक्क्यांवरून एकदम पाचवर कोसळू लागला, तर बॅटरी दुबळी झाली असे समजावे. बॅटरी फुगली, वास आला किंवा चार्ज होताना हात लावता येणार नाही इतकी तापली, तर प्लग काढावा, ती घराबाहेर ठेवावी आणि वापरू नये.

ही वही पुढे पुराव्याच्या कामी येते. विकत घेतलेल्या बॅटरीची हमी किती वर्षे, किती किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळेल, हे तिन्ही आकडे लेखी घ्यावेत. हमी नाकारली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीच्या शहरात जावे लागत नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्कही नाही. भाड्याच्या बॅटरीचा करार सही करण्यापूर्वी तीन गोष्टींसाठी वाचावा : हप्ता चुकला तर कंपनी बॅटरी दुरून बंद करू शकते का, जवळचे स्टेशन बंद झाले तर अनामत परत मिळते का आणि भाडे वाढवण्यावर काही मर्यादा आहे का.

या शेवटच्या मुद्द्यातच दोन पद्धतींचा खरा फरक आहे. घरच्या विजेचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. त्याआधी जाहीर सूचना निघते, सुनावणी होते आणि सामान्य ग्राहकालाही लेखी हरकत घेता येते. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे धंदा सुरू करायला परवाना लागत नाही, हे चांगलेच झाले. परंतु बॅटरीचे भाडे ठरवताना गिऱ्हाइकाला हरकत घेण्याची जागाच उरलेली नाही. आज स्वस्त असलेली योजना गाडी गळ्यात पडल्यावर महाग झाली तर तक्रार कोणाकडे करायची?

म्हणून बारामती-इंदापूरच्या कष्टकऱ्यांसाठी मागणी साधी असावी. एमआयडीसीतील प्रत्येक कारखान्याच्या वाहनतळावर, एसटी स्थानकात, बाजार समितीत आणि नगरपरिषदेच्या प्रत्येक वस्तीत मीटर लावलेले साधे सॉकेट द्या आणि नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने पैसे घ्या. आठ तासांच्या पाळीत स्कूटर आरामात भरते, तिला महागड्या यंत्राची गरज नाही. स्टेशने येऊ द्यावीत, पण ती दिवसभर धावणाऱ्यांसाठी आणि कोणत्याही कंपनीची बॅटरी चालेल अशा अटीवर. तोपर्यंत ज्याचे रोजचे धावणे चाळीस-पन्नास किलोमीटर आहे त्याने बॅटरी स्वतःच्या मालकीची, शक्य तर काढता येणारी घ्यावी आणि स्वस्त दिसणाऱ्या बॅटरीविना गाडीची सही करण्यापूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांच्या भाड्याची बेरीज कागदावर मांडावी.